भाऊ पुण्याला, बहीण बांधीत

भंडारा जिल्ह्यात राखी येते तेव्हा धानाचा रोवणा एकतर रंगात असतो, नाहीतर नुकता उरकलेला असतो. २०२५ साली राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती. पाऊस लांबला की पऱ्हे उपटणं, बांधीत चिखलणी करणं आणि रोवणं हे सगळं नेमकं याच आठवड्यात येऊन पडतं. मजुरीचे चार पैसे याच दिवसांत मिळतात, त्यामुळे घरची बाई बांधी सोडून कुठे जाऊ शकत नाही. भाऊ पुण्याच्या कारखान्यात असेल तर त्याचीही अडचण तीच. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं भंडारा रोडला उतरायचं म्हटलं तर जायला जवळजवळ अख्खा दिवस आणि यायला दुसरा. एका दिवसाच्या सुटीत ते बसत नाही. मग राखी आठ दिवस आधी टपालानं जाते आणि सणाच्या सकाळी फोन लागतो.

त्या फोनवर किंवा फोनच्या आधी घरात जी गाणी लागतात, त्यांच्याविषयी हा लेख आहे. नागपूर आकाशवाणी आणि विविध भारतीवर वाढलेल्या आपल्या भागात राखीची गाणी म्हणजे बहुतेक हिंदी गाणी. पहिलं अर्थातच ‘छोटी बहन’मधलं (१९५९) ‘भैया मेरे’. शैलेंद्र, शंकर-जयकिशन आणि लताबाई. दुसरं ‘रेशम की डोरी’तलं (१९७४) ‘बहना ने भाई की कलाई से’, सुमन कल्याणपुरांच्या आवाजातलं. दोन्ही गोड आहेत, पण दोन्हींत भाऊ समोर पाटावर बसलेला आहे. धागा, मनगट, निरांजन हे सगळं हाताच्या अंतरावर आहे. ज्या घरात भाऊ समोर नाही, तिथं ही गाणी लागली की त्याचं नसणंच जास्त जाणवतं. माझं स्पष्ट मत आहे की लांब राहणाऱ्या भावंडांनी त्या सकाळी वेगळी गाणी निवडावीत, ज्यांत अंतर हाच विषय आहे. अशी गाणी आहेत, आणि ती दर्जानं कमी तर मुळीच नाहीत.

पहिलं घ्यावं ते बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’तलं (१९६३) ‘अब के बरस भेज’. शैलेंद्र यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. लग्न झालेल्या लेकीला श्रावणात माहेरी आणायचं आणि तिला न्यायला भावानं जायचं, ही उत्तर हिंदुस्थानातली रीत. गाणारी बाई तुरुंगात आहे. भाऊ येणार नाही हे तिला ठाऊक आहे, तरी ती बापाला विनवते आहे की त्याला पाठव. गाण्यात राखीचं नाव महत्त्वाचं नाही. वाट पाहणं महत्त्वाचं आहे. आशाबाईंनी ते कुठंही रडवं होऊ दिलेलं नाही. काम करता करता आपल्याशीच गुणगुणावं तसा तो सूर आहे, आणि म्हणूनच तो आत जातो.

दुसरं, ‘चंबल की कसम’मधलं (१९८०) ‘चंदा रे मेरे भैया से कहना’. साहिर, खय्याम आणि लताबाई. इथं बहीण चंद्राकरवी निरोप धाडते. आपल्याकडे ‘घाल घाल पिंगा वाऱ्या’मध्ये कृ. ब. निकुंबांनी हेच काम वाऱ्याकडे दिलं आहे. कमलाकर भागवतांच्या चालीत सुमन कल्याणपुरांनी ते गायलं. ते गाणं नुसतं भावाचं नाही, सगळ्या माहेराचं आहे. पण राखीच्या सकाळी लावायला मराठीत त्याच्याइतकं योग्य दुसरं मला सुचत नाही. तिसरं ‘हरे रामा हरे कृष्णा’तलं (१९७१) ‘फूलों का तारों का’. त्याची सिनेमातली जागा लक्षात घ्यावी. आईबाप वेगळे झाल्यानं भावंडांची लहानपणीच ताटातूट होते. भाऊ मोठेपणी काठमांडूला येऊन बहिणीला शोधतो, आणि लहानपणी जे गाणं लताबाईंच्या आवाजात येऊन गेलेलं असतं, तेच किशोरकुमारांच्या आवाजात तिच्यापुढे म्हणतो. म्हणजे इथं गाणं ही ओळख पटवायची खूण आहे. लहानपणी दोघांनी मिळून म्हटलेलं एखादं गाणं, मग ते शाळेतलं का असेना, कोणत्याही राखीगीतापेक्षा जास्त काम करतं ते याचमुळे.

मराठी सिनेमात राखीची गाणी थोडी, कारण आपल्याकडे भावाबहिणीचा मोठा सण भाऊबीज. ‘सोनियाच्या ताटी’ हे आशाबाईंचं गाणं ‘भाऊबीज’ याच नावाच्या चित्रपटातलं. आणि सगळ्यांच्या वर ‘भरजरी गं पितांबर’. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’त (१९५३) वसंत देसाईंनी ते आशाबाईंकडून गाऊन घेतलं. कृष्णाचं बोट कापतं. सख्खी बहीण सुभद्रा हिला भारी शालूची चिंधी फाडवत नाही, आणि मानलेली बहीण द्रौपदी मागचापुढचा विचार न करता पितांबर फाडते. नातं रक्तानं ठरत नाही, वेळेला काय दिलं यानं ठरतं, हे त्या गाण्याचं सांगणं. लांबच्या भावंडांना ते फार जवळचं वाटेल, कारण पुढं द्रौपदी हाक मारते तेव्हा कृष्णही तिथं नसतो, द्वारकेला असतो.

‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनीच बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं, आणि त्यात भावाबहिणीच्या ओव्यांना स्वतंत्र जागा दिली. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्यातल्या पुष्कळशा ‘परी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. बायकांच्या ओव्यांत भाऊ सारखा भेटतो, आणि तो बहुधा परगावी असतो. तो येतो ते मुऱ्हाळी म्हणून, बहिणीला न्यायला. त्याची गाडी, त्याचे बैल, वाटेतला ओढा, सासूची परवानगी, हे सगळं ओवीत येतं. राखी हातात बांधण्याआधीच्या काळातलं हे आपलं अंतराचं गाणं आहे. जातं गेलं तशी ओवीही बरीचशी गेली. पण आपल्या धानपट्ट्यात रोवण्याच्या बायका अजून गातात. ओळीनं वाकून मागं मागं सरकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं चिखलात रोप खोवायचं. एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. गाण्याची लय हाताच्या लयीवर चालते, म्हणून ती कधी धावत नाही.

ओवी स्वतः करणं अवघड नाही, आणि राखीच्या सकाळी पाठवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. दोन ओळींची ओवी असते, तिचं काम वाटून घेतलेलं असतं. पहिल्या ओळीत आपण आता कुठं आहोत, डोळ्यांपुढे काय आहे ते सांगायचं. दुसऱ्या ओळीत भावाचं नाव किंवा गाव घ्यायचं आणि म्हणायचं ते म्हणायचं. प्रत्येक ओळ मधोमध मोडते, आणि दोन्ही अर्ध्यांत आठ-आठ अक्षरं धरली की ती जात्याच्या चालीत सहज बसते. उदाहरण म्हणून मी केलेली ही ओवी:

बांधीत लावते धान, पाणी घोट्याला लागते
पुण्यातल्या भावासाठी, आवुक्ष मी गं मागते

यात दागिना नाही. बांधी आहे, घोट्याएवढं पाणी आहे आणि पुणं आहे. जिथं ओवी फसते तिथं बहुधा पहिली ओळच फसलेली असते. ‘बहीण-भावाचं नातं, किती सुंदर असतं’ अशी सुरुवात केली की ती शुभेच्छापत्रावरची ओळ होते. कोणत्याही बहिणीची, कोणत्याही भावाला. भावाला घराचा वास यायला हवा असेल तर नदी वैनगंगाच हवी आणि गाव आपलंच हवं.

आता फोनचं. व्हिडिओ कॉल लावून दोघांनी एकदम गायचा बेत पुष्कळ घरांत होतो आणि प्रत्येक वेळी मोडतो. त्यात दोघांचाही दोष नसतो. दोन माणसांना एका लयीत गायचं तर एकाचा आवाज दुसऱ्याला साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. मोबाइलच्या कॉलवर याच्या कितीतरी पट उशीर होतो. बोलताना तो जाणवत नाही, गाताना लगेच जाणवतो. बहिणीला वाटतं भाऊ मागं पडला, म्हणून ती थांबते. भावाला तिचं थांबणं उशिरा ऐकू येतं, म्हणून तोही थांबतो. दोन कडव्यांत गाणं गोगलगाईच्या चालीवर येतं. शिवाय फोन बोलण्याचा आवाज राखतो आणि बाकीचं कापतो, त्यामुळे टाळ, पेटी किंवा लांबवलेला सूर मधेच गायब होतो. स्पीकरवर दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दाबला जातो, तेच गाण्यालाही होतं.

म्हणून कॉलवर एकत्र गाऊ नये. एकानं कडवं म्हणावं, ते संपल्यावर दुसऱ्यानं पुढचं उचलावं, जसं रोवण्यात चालतं. यानं आणखी एक अडचण सुटते. बायकांचा सूर साधारण काळी चार-पाचच्या आसपास आणि पुरुषांचा काळी एक-दोनच्या आसपास असतो. लताबाईंच्या पट्टीत भावाचा आवाज फाटतो आणि त्याच्या पट्टीत बहिणीचा बसतो. आळीपाळीनं गायलं की ज्यानं त्यानं आपली पट्टी धरावी.

दोघांचा आवाज एकत्र हवाच असेल तर तो आधी करून ठेवावा लागतो. समजा बहीण लाखनीला आणि भाऊ पुण्याला आहे. राखीच्या चार-पाच दिवस आधी बहिणीनं घरातल्या कमी घुमणाऱ्या खोलीत, म्हणजे गाद्या-कपडे असलेल्या खोलीत, फोन दोन-तीन वितींवर ठेवून गाणं म्हणावं. सुरुवातीला लयीत चार टाळ्या वाजवाव्या. पट्टी दोघांना झेपेल अशी मधली घ्यावी. फाइल व्हॉइस नोट म्हणून न पाठवता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे आवाज दाबला जात नाही. भावानं ती एका फोनवर इयरफोननं ऐकत दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज भरावा आणि त्यानंही त्या टाळ्यांबरोबर टाळ्या द्याव्या. मग कोणत्याही साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये दोन्ही फाइलींच्या टाळ्या एकावर एक आणल्या की दोन गावांचं एक गाणं तयार. टाळ्या जुळल्या तरी गाणं पुढं सुटत गेलं, तर समजावं की भावाला बहिणीचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. इयरफोनचा आवाज वाढवून त्यानं पुन्हा भरावं.

घरात आजी किंवा मोठी काकू असेल तर पहिली फाइल तिची करावी. रोवण्याच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी तिला जेवढी येतात तेवढी आता कुणाला येत नाहीत. तिला ‘एखादी ओवी म्हण’ म्हटलं तर सुचणार नाही. हातात सूप किंवा निवडायचे तांदूळ द्यावेत. हात चालू लागले की ओळी आपोआप येतात. ती कोणत्या गावची, ओवी कुणाकडून शिकली, एवढं तिच्याच तोंडून शेवटी बोलवून घ्यावं.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे राखी २८ ऑगस्टला, शुक्रवारी येते, आणि तोवर बहुतेक बांध्यांतला रोवणा आटोपलेला असेल. ज्या बहिणीला जाता येईल तिनं आताच आरक्षणाची तारीख लिहून ठेवावी. जिला जाता येणार नाही, तिनं भाऊबिजेला आजीजवळ बसून ओव्या भरून घ्याव्यात.