चेहरा तोच, तरी मशीनचा नकार

नायगावची एखादी अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. स्तनदा माता घरपोच आहाराचे पाकीट घ्यायला आली आहे. सेविका तिला चांगली ओळखते. पण १ जुलै २०२५ पासून केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर चेहरा जुळवणे सक्तीचे केले आहे. मोबाइलसमोर दोनदा चेहरा धरूनही तो जुळत नाही. बिघडले काय?

मशीन चेहरा ‘ओळखत’ नाही. ते नोंदणीच्या फोटोचे आणि आत्ताच्या फोटोचे आकड्यांच्या दोन यादींत रूपांतर करते आणि त्या किती जवळ आहेत त्याचा एक गुण काढते. हा गुण म्हणजे टक्केवारी नव्हे, ०.५५ गुण म्हणजे ‘५५ टक्के तीच बाई’ असे नाही. ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गुण गेला की होकार, खाली राहिला की नकार. हा उंबरठा मशीन नव्हे, माणसे ठरवतात.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. उंबरठा ०.५० असताना दहा हजार खऱ्या मातांपैकी १०० जणींना नकार मिळतो आणि दुसऱ्याच्या नावावर आलेल्या दहा हजारांपैकी १० जण आत शिरतात. तो ०.६० केला तर शिरणारा एकच उरतो, पण नाकारल्या गेलेल्या माता ६०० होतात. कमी उजेड, स्वस्त कॅमेरा, आधारवरचा जुना फोटो यांमुळे खऱ्या चेहऱ्याचेही गुण घसरतात. त्यामुळे दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर फोटो किंवा प्रणाली सुधारावी लागते. नुसता उंबरठा हलवून ते होत नाही.

आता खरी मेख. अंगणवाडीत दहा हजार वेळा वाटप झाले आणि त्यात तोतये २० आले असे धरू. ०.५० वर त्यांतला एखादाही निसटण्याची शक्यता नगण्य. ०.६० वर ती आणखी नगण्य, पण त्यासाठी सुमारे ५०० जास्तीच्या माता रिकाम्या हाताने परतणार. बँकेचे खाते उघडताना हा सौदा पटू शकेल. आहाराच्या पाकिटासाठी मला तो महाग वाटतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. हे तोतयांचे आकडे अनोळखी चेहऱ्यांसाठीचे आहेत. सख्खी बहीण आली तर चुकीची जुळणी वाढते आणि जुळ्या बहिणींपुढे तर उंबरठा फारसा उपयोगी पडत नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ची सोय खऱ्या मातेला मदत करते, पण प्रत्येक प्रयत्न तोतयालाही आणखी एक संधी देतो.

उंबरठा चुकीचा लागला आहे का, हे एकूण वाटपाच्या आकड्यावरून कळत नाही. नकार मिळालेल्यांपैकी किती जणी सेविकेच्या ओळखीच्या होत्या, याची वेगळी नोंद ठेवली तरच ते दिसते.