त्रिज्या दुप्पट झाली, मग चौपट की सोळापट?
(परिभ्रमणाची गणिते : भाग ६)

गेल्या आठवड्यात चकतीचे जडत्व आघूर्ण I = ½MR² कसे येते ते पाहिले. आता हेच सूत्र परीक्षेत कसे वापरायचे ते पाहू. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात आकडे भरत बसायला वेळ नसतो. काय किती पटीने बदलले, एवढेच पाहायचे.

शहागडच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात एकाच पत्र्यातून दोन चकत्या कापून घेतल्या असे समजा. एकीची त्रिज्या १० सेंमी, दुसरीची २० सेंमी. मोठीचे जडत्व आघूर्ण किती पट? बहुतेक मुले R² पाहून 'चौपट' म्हणतात आणि पर्यायांत ४ हमखास असतोच. पण दोन्ही चकत्या तराजूवर ठेवा. लहान पाव किलो भरली, तर मोठी एक किलो भरेल, कारण क्षेत्रफळ चौपट झाले. म्हणजे M मुळे चार पट आणि R² मुळे पुन्हा चार पट, एकूण सोळा पट. जाडी आणि धातू तेच असतील तर I ∝ R⁴.

म्हणून प्रश्न वाचताना त्रिज्येच्या आधी 'काय कायम आहे' ते शोधा. 'समान वस्तुमान' असेल तर R², 'एकाच पत्र्यातून' किंवा 'समान जाडी, समान पदार्थ' असेल तर R⁴. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक गुण या एका ओळीकडे दुर्लक्ष झाल्यानेच जातात.

हीच युक्ती भोकाच्या गणितात उपयोगी पडते. R त्रिज्येच्या चकतीच्या मधोमध R/2 त्रिज्येचे भोक पाडले. काढलेला तुकडा त्याच पत्र्याचा आहे, म्हणून त्याचे आघूर्ण मूळच्या १/१६. उरले १५/१६. कागदावर काहीच लिहावे लागत नाही.

मात्र भोक मध्यावरून सरकले की नुसते गुणोत्तर फसते. समजा भोकाचे केंद्र चकतीच्या केंद्रापासून R/2 वर आहे. तुकड्याचे स्वतःच्या केंद्राभोवतीचे आघूर्ण अजूनही १/१६ च आहे, पण आपला अक्ष तिथे नाही. समांतर अक्षाच्या प्रमेयाने वस्तुमान × अंतर² मिळवायचे: (M/4)(R/2)² = MR²/16. मूळ ½MR² च्या तुलनेत हे २/१६ होते. म्हणजे काढले गेले ३/१६ आणि उरले १३/१६. इथेही पर्यायांत १५/१६ बहुधा दिलेला असतो. तेव्हा आकृतीत अक्ष कुठून जातो ते आधी पाहा.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक गणित सोडवा: एकाच धातूच्या दोन भरीव गोळ्यांपैकी एकाची त्रिज्या दुप्पट आहे, तर व्यासाभोवतीचे आघूर्ण किती पट? वस्तुमान आता R³ ने वाढते हे विसरू नका. उत्तर ३२ आले पाहिजे.