‘नाही’ कोणत्या स्तंभात आहे?

वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो आणि सोबत एक ओळ असते : ‘एवढं इंग्रजीत करून द्या.’ कधी जमिनीच्या प्रकरणात जोडायचे जुने कात्रण असते, कधी परदेशातल्या नातवंडांना आजोबांच्या सत्काराची बातमी वाचायची असते. अशा वेळी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून भाषांतराला सुरुवात करण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण वर्तमानपत्राचे पान पुस्तकासारखे वरून खाली सरळ वाचण्यासाठी रचलेले नसते. त्यावर पाच-सहा स्वतंत्र मजकूर एकमेकांना खेटून बसवलेले असतात. कोणता तुकडा कोणाचा आणि कोणता कोणानंतर, हे आधी ठरवावे लागते.

समजा, आठ स्तंभांचे एक पान समोर आहे. डावीकडच्या पाच स्तंभांवर पसरलेला मथळा आहे : ‘उन्हाळी आवर्तनावर अनिश्चिततेचे सावट’. पहिला स्तंभ मथळ्याखाली लगेच सुरू होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर धरणाचा रुंद फोटो आहे, त्याखाली फोटोओळ, आणि तिच्याखाली त्या दोन स्तंभांचा मजकूर. चौथ्या-पाचव्या स्तंभाच्या तळाशी ‘आजचा पाणीसाठा’ अशी चौकट आहे. उजवीकडच्या तीन स्तंभांत शाळाप्रवेशाची वेगळी बातमी आहे.

पहिल्या स्तंभाची शेवटची ओळ अशी : ‘डाव्या कालव्यातून या महिन्यात पाणी सोडले जाणार’. नजर तिथून दुसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर जाते, तर तिथे फोटो. फोटोखाली ‘धरणाची पाहणी करताना अधिकारी व शेतकरी प्रतिनिधी’ अशी ओळ. वाचणाऱ्याला वाटते, वाक्य संपले, आता फोटोचा मजकूर आला. ‘पाणी सोडले जाणार’ हे बातमीच्या भाषेत पूर्ण वाक्यासारखेच वाटते आणि इंग्रजीत पाणी सोडून मोकळे होता येते. प्रत्यक्षात फोटोओळीखाली दुसरा स्तंभ सुरू होतो तो असा : ‘नाही, असे अधिकाऱ्यांनी बैठकीत स्पष्ट केले.’

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजीत तो क्रियापदालाच बिलगून, वाक्यात बराच आधी येतो. म्हणजे मराठी वाक्याचे शेवटचे टोक हाती आल्याशिवाय इंग्रजी वाक्याचा पूर्वार्धही खात्रीने लिहिता येत नाही. चुकीच्या जागी तोडलेले वाक्य विस्कळीत दिसले, तर निदान शंका येते. इथे मात्र व्याकरणशुद्ध, वाचायला सरळ आणि अर्थाने नेमके उलटे वाक्य तयार होते. शेतकऱ्याने त्यावर भरवसा ठेवला, तर पेरणीचा निर्णय चुकतो. सावध करणारी एकच खूण होती : ‘जाणार’च्या पुढे पूर्णविराम नव्हता. म्हणून प्रत्येक स्तंभाच्या शेवटच्या ओळीत पूर्णविराम आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

क्रम लावताना पहिला आधार मथळ्याच्या रुंदीचा. मथळा जितक्या स्तंभांवर पसरतो, साधारण तितके स्तंभ त्या बातमीचे असतात. दुसरा आधार उभ्या-आडव्या रेघांचा आणि चौकटींचा. मजकूर रेघ ओलांडून शक्यतो जात नाही. तिसरी खूण गावाचे नाव, तारीख किंवा ‘प्रतिनिधी’ अशा शब्दांची : ते जिथे दिसतात तिथे सहसा नवी बातमी सुरू होते. एवढ्यावर बरेचसे पान सुटते. जे उरते, त्यासाठी सांधे तपासावे लागतात, आणि तिथे मराठीचे व्याकरण फार मोलाची मदत करते.

आपल्याच पानात दुसऱ्या स्तंभाच्या तळाशी आहे : ‘पाणीवापर संस्थांनी हीच मागणी’. पुढे काय? उमेदवार तीन. तिसऱ्या स्तंभात फोटोओळीखाली ‘गेल्या वर्षीही केली होती.’ चौथ्या स्तंभाच्या माथ्यावर ‘प्रस्ताव तयार केला आहे.’ आणि चौकटीची पहिली ओळ ‘उपयुक्त साठा’. ‘संस्थांनी’ला कर्म आणि भूतकाळी क्रियापद हवे, ‘मागणी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘केली होती’ हेच बसते. लिंग, वचन आणि विभक्ती यांची जुळणी अशी दोन्ही बाजूंनी पाहिली की बहुतेक सांधे पक्के होतात. अर्थात दोन तुकडे दोन्हीकडे बसण्याजोगे निघतात तेव्हा विषय, आधी आलेली नावे आणि आकडे यांचा आधार घ्यावा.

अक्षरओळख करणाऱ्या संगणकीय साधनांचीही अडचण हीच. काही पद्धती पानावरच्या मोकळ्या पांढऱ्या पट्ट्या शोधून त्यांवरून पानाचे तुकडे पाडतात. पान फोटोत एका अंशाने जरी कलले, तरी ५० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा जवळजवळ ९ मिलिमीटर बाजूला सरकते. दोन स्तंभांमधली मोकळी जागा सहसा याहून कमी असते. सरळ उभी पट्टी मग उरतच नाही आणि साधन दोन-तीन स्तंभांच्या ओळी आडव्या जोडून वाचते. घडीजवळ कागद फुगलेला असेल तर ओळीही वाकतात. फोटो घेतानाच कागद सपाट करून कॅमेरा पानावर बरोबर समोरून धरणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. आधी अख्ख्या पानाचा एक फोटो नकाशासाठी घ्यावा, मग एकमेकांवर थोडे चढणारे जवळचे फोटो वाचण्यासाठी.

माझ्या मते संपूर्ण पान साधनाला एकदम देऊच नये. आधी नकाशावर हाताने क्रमांक घालावेत : मुख्य बातमी अ१ ते अ५, फोटोओळ अ-फो, चौकट अ-चौ, शेजारची बातमी ब१ पासून. मग प्रत्येक तुकडा कापून वेगळा वाचून घ्यावा. टेसरॅक्ट हे मुक्त साधन वापरणाऱ्यांनी तो एकसंध मजकुराचा तुकडा आहे, असे स्पष्ट सांगावे :

```
tesseract a2.jpg a2 -l mar --psm 6
```

फोटोओळ मुख्य मजकुराच्या मध्ये कधीही शिवू नये. ती फोटोचीच असते आणि तिच्यातली ‘डावीकडून’ ही नावांची रांग फोटोसोबतच वाचली पाहिजे. शिवाय फोटो शेजारच्या बातमीचा नसतोच असे नाही. फोटोओळीतली नावे, ठिकाण आणि तारीख बातमीत येतात का, ते पडताळावे. एकही न आल्यास फोटो स्वतंत्र मानावा. चौकट भाषांतरात मुख्य बातमी संपल्यावर ‘चौकट’ असे लिहून ठेवावी. मूळ बातमीत नसलेला एखादा आकडा तिथेच असू शकतो, म्हणून तिला वगळू नये.

काही पाने या सवयीलाही फसवतात. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ साली सुरू झालेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. तिथे उजवा स्तंभ डाव्याचे पुढचे पाऊल नसतो, म्हणून त्या पानांना वरचा नियम लावता येत नाही.

आणि ‘पान ५ वर’ असे छापलेले असून पाचवे पान कोणीच पाठवले नसेल, तर वाक्य आपल्या अंदाजाने पुरे करू नये. भाषांतर त्याच शब्दापाशी थांबवावे, ‘पुढील भाग उपलब्ध नाही’ असे चौकोनी कंसात लिहावे आणि ते पान मागून घ्यावे.