संदर्भाची लिंक टिकवायची कशी?

हिंसक व्हिडिओ गेमच्या विक्रीवरील निर्बंधांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला. निकालाशी सहमत असलेल्या आपल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी तळटीपेत एका संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. पुढे त्या नावाची नोंदणी संपली, भलत्याच कुणीतरी ते नाव घेतले आणि ऑनलाइन माहिती किती अल्पजीवी असते हे सुनावणारे पान तिथे लावले. हे प्रकरण अपवादात्मक नव्हते. या न्यायालयाच्या निकालांतल्या सुमारे निम्म्या लिंकांवर मूळ मजकूर सापडत नाही, असे हार्वर्डच्या अभ्यासकांना काही वर्षांतच आढळले.

पान नाहीसे झाले की निदान ते कळते तरी. पत्ता तोच राहून आतला मजकूर बदलतो तेव्हा धोका अधिक, कारण वाचकाला काहीतरी दिसते आणि लेखकाने हेच वाचले होते असे तो समजतो.

यावर उपाय म्हणजे पान वाचले त्याच दिवशी त्याची प्रत जतन करणे. इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेच्या `web.archive.org/save` या पानावर मूळ पत्ता टाकला की प्रत तयार होते आणि तिला असा पत्ता मिळतो:

```
https://web.archive.org/web/20240310203000/https://example.com/
```

मधले चौदा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय नव्हे. वरची प्रत 10 मार्चच्या रात्री साडेआठची दिसते, पण भारतात तेव्हा 11 मार्चचे पहाटेचे दोन वाजलेले होते. सरकारी आदेश किंवा बातमी नेमकी कधी बदलली हे सिद्ध करायचे असेल, तर हा साडेपाच तासांचा फरक निर्णायक ठरू शकतो.

प्रत झाली असे समजून तिथेच थांबू नये. ती उघडून उद्धृत केलेले वाक्य त्यात आहे का, ते शोधावे. लॉगिनमागचा मजकूर, हलणारे नकाशे, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर येणारा भाग प्रतीत बहुधा उतरत नाही. कधी नुसती ‘पान सापडले नाही’ ही सूचनाच जतन झालेली असते. शिवाय मालकाच्या विनंतीवरून प्रत काढलीही जाऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या पानाची पीडीएफ स्वतःजवळही ठेवणे बरे.

संशोधनलेखांना मिळणारा `doi.org` चा कायमस्वरूपी क्रमांक मात्र वेगळ्या तऱ्हेने काम करतो. तो मजकूर साठवत नाही, फक्त लेखाच्या सध्याच्या पत्त्याकडे वळवतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तर त्याला ही नोंद सुधारावी लागते, आणि ती सुधारली नाही तर हा क्रमांकही वाचकाला कुठेच नेत नाही. त्यामुळे शोधनिबंधासाठी हा क्रमांक द्यावा. बातमी, आदेश, आकडेवारीचे पान यांसाठी मूळ पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख या तिन्ही गोष्टी द्याव्यात.