एकशे सहासष्ट माणसे आणि एक पूल

१० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल खुला झाला. पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. पहिल्याच दिवशी अलोट गर्दी झाली आणि पूल डावी-उजवीकडे डुलू लागला. लोक कठडे धरून, पाय फाकवून चालत होते. दोनच दिवसांत तो बंद करावा लागला. पूल कमकुवत नव्हता, कुठे तडाही गेला नव्हता. मग बिघडले काय? त्याचे उत्तर दहावीच्या बीजगणितातल्या दोन प्रकरणांत दडलेले आहे, आणि मला ते फार सुंदर वाटते.

आधी आपल्या घरातला झोपाळा घेऊ. कोणत्याही क्षणी त्याची स्थिती सांगायला दोनच आकडे पुरतात: तो मधल्या जागेपासून किती दूर आहे (x) आणि त्याचा वेग किती आहे (v). हे दोन्ही आकडे सतत बदलतात. x किती झपाट्याने बदलतो? जेवढा v असेल तेवढ्याने. आणि v? त्यावर दोन गोष्टींची ओढ असते. झोपाळा दूर गेला की गुरुत्वाकर्षण त्याला मध्याकडे खेचते, आणि हवा व कड्यांचे घर्षण वेगाला थोडे रोखते. कड्यांपासून पाटापर्यंतची लांबी २.४५ मीटर धरली, तर झोके लहान असताना हिशेब असा:

```
x' = 0·x + 1·v
v' = -4·x - 0.04·v
```

इथला ४ म्हणजे ९.८ भागिले २.४५. घर्षणाचा ०.०४ मी अंदाजाने धरला आहे. आता फक्त चार सहगुणक पाहा: वरच्या ओळीत ० आणि १, खालच्या ओळीत −४ आणि −०.०४. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णावरच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे ‘ट्रेस’, इथे −०.०४. आणि निश्चयक तर दहावीत एकसामयिक समीकरणे सोडवताना प्रत्येकाने काढलेला आहे: कर्णावरच्यांचा गुणाकार वजा उरलेल्या दोघांचा गुणाकार, म्हणजे ० − (१ × −४) = ४.

या दोन आकड्यांना एवढे महत्त्व का, ते वर्गसमीकरणाच्या प्रकरणात आहे. अशी व्यवस्था स्वतःवर सोडली तर तिच्या हालचालीत वाढीचे किंवा घटीचे दोन दर असतात, आणि ते दर λ² − Tλ + D = 0 या समीकरणाची मुळे असतात. T म्हणजे ट्रेस, D म्हणजे निश्चयक. मुळांची बेरीज T आणि गुणाकार D, हे आपण पाठ केलेलेच आहे. दर ऋण असेल तर हालचाल विझते, धन असेल तर फुगते. म्हणून समीकरण न सोडवताही बेरीज आणि गुणाकार पाहून बरेच काही सांगता येते.

झोपाळ्याचा विवेचक T² − 4D काढा: ०.००१६ − १६, चक्क ऋण. मुळे वास्तव नाहीत, म्हणजे झोपाळा मध्यापाशी येऊन थांबत नाही, ओलांडून पलीकडे जातो. आलेखाच्या कागदावर आडवा x आणि उभा v घेऊन दर क्षणाला एक ठिपका दिला, तर रेघ मध्याभोवती फिरत आत आत येते, गोगलगाईच्या शंखासारखी. निश्चयक तिला फिरवतो (एका फेरीला सुमारे ३.१४ सेकंद), ट्रेस तिला आत ओढतो. झोका निम्मा व्हायला सुमारे ३५ सेकंद लागतात, म्हणजे साधारण अकरा हेलकावे.

आता घर्षण भरपूर वाढवा. आपोआप बंद होणाऱ्या दारांवर तेल भरलेली नळी बसवलेली असते, ती हेच काम करते. ट्रेस −५ झाला आणि निश्चयक ४ च राहिला, तर विवेचक ९ येतो आणि मुळे −१ व −४. दोन्ही वास्तव, दोन्ही ऋण. दार हेलकावत नाही, सरळ येऊन टेकते. कागदावरच्या रेघा फिरत नाहीत. त्या मध्याकडे वळून एकाच तिरक्या रेषेला लागतात, कारण −४ चा भाग लवकर संपतो आणि शेवटच्या टप्प्यात संथ −१ तेवढा उरतो. सीमा ट्रेस −४ वर आहे: त्याहून कमी घर्षण असेल तर दार मध्य ओलांडते, जास्त असेल तर रेंगाळते.

निश्चयक ऋण झाला तर मात्र घर्षण वाचवू शकत नाही. तळहातावर काठी उभी तोलून पाहा. इथे गुरुत्वाकर्षण मध्याकडे खेचण्याऐवजी दूर ढकलते, म्हणून खालच्या ओळीतल्या −४ चे चिन्ह उलटते. गुणाकार ऋण म्हणजे एक मूळ धन, एक ऋण. कागदावर घोड्याच्या खोगिरासारखा आकार होतो: एका दिशेने रेघा आत येतात आणि दुसरीने निसटून जातात. सुमारे सव्वा मीटरची काठी कलली की कल दुप्पट व्हायला जवळपास ०.२ सेकंद लागतात, पेन्सिलीचा कल ०.०८ सेकंदांत दुप्पट होतो. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणून काठी जमते, पेन्सिल जमत नाही.

लंडनच्या पुलाचा निश्चयक धन होता आणि तो ठीकच होता. घात ट्रेसने केला. चालणारा माणूस प्रत्येक पावलाला थोडासा बाजूला रेटा देतो. जमीन हलत असेल तर तो तोल सावरायला पाय टाकतो, आणि तेव्हा त्याचा रेटा पुलाच्याच आडव्या वेगाच्या दिशेने पडतो. अभियंत्यांनी मुद्दाम माणसे चालवून मोजले तेव्हा हा रेटा पुलाच्या आडव्या वेगाच्या प्रमाणात निघाला. म्हणजे प्रत्येक माणूस ट्रेसमध्ये थोडी धन भर घालत होता. पुलाच्या एका भागावर माणसे वाढवत नेली. १५६ पर्यंत पूल शांत होता, १६६ झाली आणि डोलणे वेगाने वाढू लागले. ट्रेस शून्य ओलांडून धन झाला होता. रेघा तशाच फिरत होत्या, पण आता बाहेरच्या दिशेने.

यातली धोक्याची गोष्ट म्हणजे १५० माणसांना पाहून काहीच कळत नाही. डोलणे अगदी थोडे असते. चाहूल वेगळीच असते: पुलाला हलका धक्का दिला तर तो शांत व्हायला लागणारा वेळ माणसांगणिक वाढत जातो. ट्रेस शून्याजवळ पोचला की तो वेळ पार लांबतो. डोलण्याचा आकार न मोजता विझण्याचा वेग मोजायला हवा.

दुरुस्तीतही हाच हिशेब चालला. पूल अधिक ताठ करणे म्हणजे निश्चयक वाढवणे. त्याने हेलकाव्याची लय बदलली असती, ट्रेसचे चिन्ह नव्हे. अभियंत्यांनी ऊर्जा शोषणारी शोषके पुलाखाली बसवली, म्हणजे थेट ट्रेसमध्ये मोठी ऋण भर घातली. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला.

एक मर्यादा मात्र राहते. हे चार आकडे फक्त मध्याजवळचे खरे असतात. ट्रेस धन झाला की डोलणे वाढेल एवढे ते सांगतात, कुठपर्यंत ते सांगत नाहीत. पूल कोसळला नाही, कारण डोलणे मोठे झाल्यावर लोक थांबले, कठडा धरू लागले आणि रेटा कमी झाला. आणि ट्रेस बरोबर शून्य असेल, तेव्हा या चौकटीत सोडलेल्या बारीक परिणामांकडेच जावे लागते: ते आत ओढतील, बाहेर ढकलतील, किंवा रेघ तिथेच गोल फिरत राहील.