हलका रेनकोट आणि जुलैमधला सह्याद्री

जुलैमध्ये खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढणाऱ्या गटात तीन तऱ्हेचे रेनकोट एकत्र दिसू शकतात. कुणाच्या अंगावर आतून कोटिंग केलेला पातळ नायलॉनचा असतो, कुणाचा महागडा, पॉलिस्टरला पापुद्रा चिकटवलेला. एखाद्याने घरातल्या कपाटातून वडिलांचा जाड, रबर लावलेला सुती कोट काढलेला असतो. खिंडीत पोचेपर्यंत तिघांचेही शर्ट ओले झालेले असतात. फरक इतकाच की तिघांच्या ओलीचं कारण एक नसतं, आणि रेनकोट निवडताना नेमकं तेच कारण शोधावं लागतं.

सर्वांत जुनी जात रबरी सुती कापडाची. स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 मध्ये तिचं पेटंट घेतलं. कोळशापासून गॅस बनवताना उरणाऱ्या डांबरातून नॅफ्था मिळत असे. त्यात त्याने रबर विरघळवलं, ते कापडावर पसरलं आणि वरून दुसरं कापड दाबून बसवलं. दोन सुती थरांच्या मधोमध रबर आल्यामुळे चिकट बाजू कुठूनच हाताला लागत नव्हती. तरी हे कोट उन्हाळ्यात मऊ पडून चिकटायचे, थंडीत कडक व्हायचे आणि त्यांना वास तर कायमचा. 1840 च्या दशकात रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करण्याची, म्हणजे व्हल्कनायझेशनची युक्ती हाती आली, तेव्हा हे दोष बरेच आटोक्यात आले. भारतात या कुळाचं नाव घराघरांत पोचवलं ते कोलकात्याच्या बंगाल वॉटरप्रूफच्या ‘डकबॅक’ने.

पाणी अडवण्यात हा कोट आजही कुणाला हार जात नाही. अडचण वजनाची आहे. कापडाच्या धंद्यात वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. टोपीसकट कमरेखालपर्यंतच्या कोटाला साधारण दोन चौरस मीटर कापड लागतं असं धरू. दोन थरांचं रबरी सुती कापड 350 जीएसएमचं असेल, तर नुसतं कापडच 700 ग्रॅम भरतं. लॅमिनेट केलेलं पॉलिस्टर 130 जीएसएमचं घेतलं, तर 260 ग्रॅम. पॉलियुरेथेनचं कोटिंग असलेलं साधारण जाडीचं नायलॉन 90 जीएसएमचं, म्हणजे 180 ग्रॅम. सिलिकॉन लावलेलं अगदी झिरझिरीत नायलॉन तर 50 च्याही खाली उतरतं, आणि त्याचा कोट घडी करून मुठीत मावतो.

हे झालं कोरडं वजन. रबर मधल्या थरात असल्यामुळे पाणी अंगापर्यंत येत नाही हे खरं, पण बाहेरचा सुती थर भिजायचा तो भिजतोच. तो थर 150 जीएसएमचा असला आणि त्याने स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं पाणी धरलं, तरी कोट आणखी 150 ग्रॅमने जड होतो. वर पावसाळी हवेत तो सुती थर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि घडी करून ठेवला की त्यावर बुरशी धरते. हलक्या कोटाच्या स्पर्धेतून रबरी सुती इथेच बाद होतो. बंदरावर किंवा गेटवर एका जागी उभं राहून काम करणाऱ्याला तो अजूनही उत्तम, चढण चढणाऱ्याला नाही.

उरले दोन. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पितच नाही. दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा घेतो. नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास घेतं, म्हणून भिजल्यावर ते किंचित सैल पडतं. तंबूच्या कापडात हे लगेच दिसतं, रेनकोटात फारसं जाणवत नाही. उलट त्याच वजनात नायलॉन फाटायला आणि घासायला जास्त टिकतं. करवंदीच्या जाळीतून जाणाऱ्या माणसाला हा गुण महत्त्वाचा.

पण खरी लढत धाग्यांची नाहीच. ती आहे धाग्यामागे काय लावलंय याची.

कोटिंगमध्ये पातळ रसायन कापडावर ओढून सुकवतात. लॅमिनेटमध्ये आधी तयार केलेला अतिशय पातळ पापुद्रा कापडाला चिकटवतात, आणि बऱ्याचदा त्याच्या आतून आणखी एक जाळीदार अस्तर लावतात. हा पापुद्रा घामाची वाफ बाहेर सोडतो, ही त्याची मोठी जाहिरात. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पाडता आली. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ मात्र जाते. स्वस्त लॅमिनेटमध्ये बहुधा छिद्रं नसलेला पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो. तो आतल्या बाजूने वाफ शोषतो आणि बाहेरच्या बाजूने सोडतो.

दोन्ही तऱ्हांना वाफ ढकलायला पंप नसतो. आत ओलावा जास्त आणि बाहेर कमी, एवढ्याच फरकावर ती बाहेर पडते. आता हिशेब करून पाहू. कोटाच्या आतली हवा 30 अंशांची आणि घामाने पूर्ण भरलेली असेल, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम वाफ असते. स्कॉटलंडच्या डोंगरात 8 अंशांचा पाऊस पडत असेल, तर बाहेरच्या हवेत जेमतेम 8 ग्रॅम. फरक 22 चा. टोलार खिंडीच्या खालच्या जंगलात 26 अंश तापमान आणि 95 टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरच साधारण 23 ग्रॅम वाफ असते. फरक उरला सातचा. तोच कोट, तेच पैसे, पण वाफ बाहेर काढणारा जोर तिथल्या तुलनेत एक तृतीयांश. पट्टीवर छापलेला ‘दिवसाला 10,000 ग्रॅम’सारखा आकडा बहुतेकदा प्रयोगशाळेत एका बाजूला मुद्दाम कोरडेपणा ठेवून मोजलेला असतो, सह्याद्रीत जुलैमध्ये तो कोरडेपणा कुठून आणायचा?

त्यात आणखी एक गोष्ट. लॅमिनेट कोटाच्या बाहेरच्या कापडावर पाणी गोळा होऊन घरंगळावं म्हणून एक लेप असतो. नवा असताना थेंब मोत्यांसारखे पळतात. धूळ, घाम आणि पिशवीच्या पट्ट्यांचं घासणं यांनी तो लेप मरतो, कापड पाणी धरतं आणि वाफेची वाट बाहेरून बंद होते. पापुद्रा तेव्हाही शाबूत असतो, पण घालणाऱ्याला वाटतं कोट गळतोय. कोट धुवून, सूचनेप्रमाणे मंद उष्णता दिली की हा लेप बऱ्यापैकी परत जागा होतो.

गळती आणि घाम ओळखणं तसं अवघड नाही. ओल सगळीकडे सारखी, विशेषतः दंडांच्या आणि पाठीच्या आतल्या बाजूला असेल, तर तो घाम. ती खांद्याच्या शिवणीवर, चेनच्या रेषेत किंवा टोपीच्या जोडावर पट्ट्यासारखी असेल, तर पाणी आत येतंय.

आणि ते बहुधा कापडातून येतच नाही. कापडाचं पाणी अडवणं मोजताना त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबून पाण्याच्या स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये लिहितात. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे 10,000 मिलिमीटर. साठ किलोचा माणूस स्कूटरच्या सीटवर 600 चौरस सेंटिमीटरवर बसला, तर सरासरी दाब 1,000 मिलिमीटरइतका होतो. हाडांखाली त्याहून अधिक. गुडघा टेकला तर सहा हजारांपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून 1,500 मिलिमीटरचा कोट उभ्याने चालायला पुरतो, पण त्याच कापडाच्या पॅन्टवर ओल्या सीटवर तासभर बसलं की हमी नाही. त्यातही पॅन्ट पहिल्यांदा गळते ती दोन पायांच्या मध्ये, जिथे चार शिवणी एका बिंदूत येतात आणि मांडीवरचं पाणी तिथेच साचतं. शिवणयंत्राच्या सुईचं प्रत्येक छिद्र ही एक मोरी आहे.

त्यामुळे दुकानात रेनकोट उलटा करून पाहावा. पॉलियुरेथेन कोटिंगच्या किंवा लॅमिनेटच्या कोटाला प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने चिकटवलेली टेप हवी, टोपीच्या आणि काखेच्या शिवणीवरही. स्वस्त मालात ती फक्त खांद्यावर असते. सिलिकॉन लावलेल्या नायलॉनला ही टेप चिकटत नाही. तिथे शिवणीला सिलिकॉनचंच सीलर हाताने लावावं लागतं, आणि विक्रेता ते सहसा सांगत नाही.

नायलॉनच्या कोटिंगचा शत्रू मात्र पाऊस नाही, साठवण आहे. स्वस्त पॉलियुरेथेनच्या साखळीतले काही दुवे उष्ण दमट हवेत पाण्यानेच तुटतात. ओला कोट घडी करून स्कूटरच्या डिकीत किंवा माळ्यावर पडला की दोन-तीन पावसाळ्यांत आतली बाजू चिकट होते, आंबूस वास येतो आणि पुढे सालपटं सुटतात. या अवस्थेतला कोट दुरुस्त होत नाही. लॅमिनेटमध्ये पापुद्रा कापडापासून सुटून फुगे येतात. मान आणि मनगटाशी ते आधी दिसतात, कारण अंगाचं तेल तिथे जास्त लागतं. सिलिकॉनला पाण्याने तुटण्याचं हे भय नाही. रबरी कोट इथेही वेगळा: पेट्रोल आणि तेल त्याला मारतं, ऊन आणि हवा त्याला हळूहळू कडक करून तडे पाडते.

या सगळ्या हिशेबाने सह्याद्रीच्या पावसात चालणाऱ्यासाठी नायलॉनचा कोट लॅमिनेटच्या पुढे जातो, अट एकच: त्याला हवा खेळण्याची सोय हवी. काखेखाली लांब चेन, पाठीवर झाकलेली उघडी फट, सैल घेर. बांबू आणि पानांचं इरलं घालून भातलावणी करणाऱ्याची पाठ झाकलेली असते आणि खालून सगळं मोकळं असतं, म्हणून त्याला वाफ सोडणाऱ्या पापुद्र्याची गरज पडत नाही. पिशवीसकट अंग झाकणारा नायलॉनचा पोंचू त्याच तत्त्वावर चालतो. कड्यावरच्या वाऱ्यात मात्र तो उडून तोंडावर येतो, तिथे चेनवाला कोटच बरा.

लॅमिनेटचा खर्च वसूल होतो तो थंड आणि वाऱ्याच्या ठिकाणी: ऑक्टोबरमधल्या हिमालयात, किंवा युरोपात राहायला गेलेल्यांना तिथल्या थंड पावसात. नायलॉनचा कोट मुंबई-पुण्यात घेणाऱ्याने दुकानातच एक साधी परीक्षा करावी. कोटाच्या खालच्या घेराची खोलगट झोळी करून त्यात पेलाभर पाणी ओतावं आणि खालून अंगठ्याने दाबावं, आधी सपाट कापडावर, मग शिवणीवर. दुकानदार आक्षेप घेईल, तर शिवणीवर टेप आहे का एवढं तरी बघून घ्यावं. ऋतू संपला की कोट साध्या पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवावा आणि घडी न करता खुंटीला टांगावा.