इफ्तारच्या वेळचे रडणे

गेल्या रमजानची पहिली संध्याकाळ. सोलापुरातल्या एका घरात दस्तरखान मांडून झाले होते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, सरबत सगळे तयार होते. मगरिबच्या अजानला पाच मिनिटे उरली होती आणि आतल्या खोलीत सहा आठवड्यांची मुलगी जिवाच्या आकांताने रडत होती. आईने अर्ध्या तासापूर्वीच पाजले होते. पुन्हा पदराखाली घेतले की ती दोन मिनिटे ओढायची, सोडायची आणि पुन्हा रडायची. अम्मी, म्हणजे मुलीची दादी, म्हणाल्या, नजर लागली असेल. नणंद म्हणाली, भाभीला दूध पुरत नसेल. सलग तीन संध्याकाळी हेच झाले.

मुलगी रजबच्या मधल्या आठवड्यात जन्मली होती. बाळंतपण माहेरी झाले. चाळिसाव्या दिवसाचे न्हाणे आटोपून सून सासरी आली आणि दुसऱ्याच दिवशी चाँद दिसला. त्यामुळे घराने या रडण्याचा संबंध नव्या जागेशी, नव्या माणसांशी आणि आईच्या दुधाशी जोडला. प्रत्यक्षात सहाव्या आठवड्याच्या आसपास बहुतेक बाळांचे रडणे सर्वात जास्त वाढते आणि तेही संध्याकाळी. याच तासांत बाळ थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा प्यायला मागते. दूध संपल्यामुळे ते असे करते असे नाही. संध्याकाळी दुधाची धार थोडी संथ असते, बाळ दिवसभराच्या गडबडीने थकलेले असते आणि रात्रीच्या लांब झोपेआधी पोट भरून घेत असते. यंदा ती वेळ नेमकी इफ्तारची होती, एवढेच.

तिसऱ्या रात्री नणंदेने डब्याचे दूध आणले. साठ मिलिलिटर दूध पिऊन मुलगी चार तास गाढ झोपली. सगळ्यांना वाटले, बघा, पोट रिकामेच होते. आईची छाती मात्र मध्यरात्री दगडासारखी भरून ठणकू लागली. दूध जितके बाहेर निघते तितके नवे तयार होते. ते आतच साचून राहिले तर शरीर समजते की गरज कमी झाली आणि पुढचे उत्पादन घटवते. एका बाटलीने काही बिघडत नाही. पण रोज संध्याकाळी ती बाटली आली असती तर दोन-तीन आठवड्यांत दूध खरोखरच कमी पडले असते आणि पहिल्या दिवशीची शंका खरी ठरली असती.

त्याच आठवड्यात सहा आठवड्यांचे लसीकरण होते. डॉक्टरांनी बाटलीबद्दल काही बोलण्याआधी दोन प्रश्न विचारले. दिवसाला लंगोट किती ओले होतात? आणि वजन किती वाढले? लंगोट सात-आठ ओले होत होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त ओले लंगोट म्हणजे दूध पोचते आहे. जन्माचे वजन २ किलो ९०० ग्रॅम. पहिल्या काही दिवसांत ते थोडे उतरले आणि दोन आठवड्यांत पुन्हा तिथेच आले. हेही नेहमीचेच. आता काटा पावणेचार किलोवर होता. म्हणजे चार आठवड्यांत रोजचे सुमारे ३० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत २५ ते ३० ग्रॅमची वाढ चांगली मानतात. दूध पुरेसे होते. बाटली बंद झाली.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितले. कधी पाजले, कधी झोपली, किती लंगोट, एवढेच लिहायचे. एका दिवसाचे पान असे होते: पहाटे पावणेचार, सकाळी साडेसहा, नऊ, साडेअकरा, दुपारी अडीच, मग संध्याकाळी साडेपाच, साडेसहा, सव्वासात, आठ, नऊ आणि रात्री एक. अकरा वेळा. या वयात आठ ते बारा वेळा पाजणे नेहमीचे आहे. पण पान समोर ठेवल्यावर घराला प्रथमच दिसले की अकरापैकी पाच वेळा साडेपाच ते नऊच्या दरम्यान आहेत आणि त्यानंतर चार तासांची सलग झोप आहे. गोंधळ वाटत होता, त्याला एक आकार होता.

मग दिवस त्या आकाराप्रमाणे आखला गेला. संध्याकाळचे तळण-पोळ्यांचे काम नणंदेकडे गेले. सुनेने दुपारी तीन ते साडेचार झोपायचे ठरले. अजानच्या आधी दहा मिनिटे मुलगी अम्मींच्या खांद्यावर जायची. त्या खजूर तोंडात टाकून तिला अंगणात फिरवायच्या आणि तेवढ्यात सून जेवून घ्यायची. नऊचे पाजणे झाले की सूनही लगेच झोपायची. आधी ती तरावीह आटोपून येणाऱ्या नवऱ्याचे ताट वाढण्यासाठी जागत असे आणि तिच्या हक्काच्या चार तासांतला दीड तास त्यातच जाई. आता तो स्वतः वाढून घेऊ लागला. पहाटे पावणेचारला पाजून झाले की सहरीसाठी उठलेला नवरा मुलीला घेई, ढेकर काढी, लंगोट बदलून झोपवी. सून साडेसहापर्यंत झोपे. ज्या वेळी एरवी एकटी आई जागी असते, त्या वेळी रमजानमध्ये सारे घर जागे असते. त्याचा असा उपयोग झाला.

सुनेने रोजे धरले नव्हते. पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर शरियतने सूट दिली आहे. ते रोजे नंतर कजा म्हणून पूर्ण करायचे. कोकणातल्या शाफई घरांत, फक्त बाळाच्या काळजीपोटी रोजे सोडले असतील तर, कजाबरोबर फिदयाही देतात. सोलापूरच्या मार्चच्या उन्हात, मुलगी फक्त आईच्या दुधावर असताना, ही सूट तिने घेतली. मुलीला वरून पाणी पाजावे का, हा प्रश्नही उन्हामुळेच आला. उत्तर नाही असे होते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. सहा महिने वेगळे पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. जास्त पाणी प्यायचे ते आईने.

ईदला मुलगी दहा आठवड्यांची झाली. संध्याकाळचे रडणे ओसरले, पाजण्याच्या वेळा आठवर आल्या आणि रात्रीची एक झोप पाच तासांची होऊ लागली. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. अंधार पडला की झोप आणणारे मेलाटोनिन त्याच्या शरीरात दोन-तीन महिन्यांच्या सुमारास ठरावीक लयीत तयार होऊ लागते. घराने त्याला साथ दिली. सकाळी मुलीला दाराच्या उजेडात ठेवायचे, दिवसा घरातले आवाज दाबायचे नाहीत आणि रात्री मंद दिव्यात, न बोलता पाजायचे. झोपवायचे ते पाठीवर, सपाट घट्ट गादीवर आणि उशीशिवाय. अम्मींनी हौसेने शिवलेली राईची उशी कपाटात गेली.

जुळलेले वेळापत्रक जिलकादमध्ये, चौथ्या महिन्यात, पुन्हा मोडले. पाच तास झोपणारी मुलगी दर दोन तासांनी उठू लागली. पुन्हा सल्ले आले: आता नाचणीची पेज सुरू करा, पोट भरले की झोपेल. वहीतली वाढ मात्र ठीक होती. कारण भुकेत नव्हते. या वयात बाळाची झोप मोठ्यांसारखी, हलकी आणि गाढ अशा टप्प्यांची होऊ लागते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते अर्धवट जागे होते आणि झोपताना जे होते तेच शोधते. पदराखाली झोपले असेल तर पदर, खांद्यावर झोपले असेल तर खांदा. म्हणून रात्रीचे एक झोपवणे तरी मुलगी पेंगुळलेली पण जागी असताना गादीवर ठेवून करायचे ठरले. कुरकुरली तर मिनिट-दोन मिनिटे थांबायचे, कारण बाळे झोपेतही हातपाय हलवतात, आवाज काढतात आणि उचलले की खरेच जागी होतात. आठवडाभरात थोडा फरक पडला, सगळा नाही. पूर्ण सावरायला बकरी ईद उजाडली.

तेव्हा ती साडेचार महिन्यांची होती आणि नवीनच अडचण आली होती. पाहुण्यांच्या आवाजाने ती पिता पिता मान वळवायची. दिवसा अर्धवट पोट आणि रात्री त्याची भरपाई. ईदचे तीन दिवस सून मुलीला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन पाजत होती.

मुहर्रममध्ये सून कामावर गेली. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले दोन आठवडे तिने बाळंतपणाआधी घेतले होते. म्हणजे सहा महिने पुरे व्हायला दोन आठवडे कमी पडत होते. ते पंधरा दिवस काढलेल्या दुधावर निघाले. पहाटे छाती भरलेली असते तेव्हा दूध काढायचे, स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात तारीख लिहून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचे आणि चार दिवसांत वापरायचे. बाहेर ते २५ अंशांपर्यंत चार तास टिकते आणि सोलापुरातली खोली बहुतेक वेळा त्याहून गरम असते. अम्मी भांडे गरम पाण्यात ठेवून दूध कोमट करत आणि वाटी-चमच्याने पाजत. महिन्याच्या शेवटी मुलीने मऊ खिचडीचे पहिले दोन चमचे चाखले.

या सहा महिन्यांत एकच रात्र दवाखान्यात गेली. तिसऱ्या महिना पूर्ण होण्याआधी एकदा मुलीने लागोपाठ दोनदा प्यायला नकार दिला. ती उठवूनही उठेना, अंग तापलेले आणि बारा तासांत लंगोट दोनच. हे वेळापत्रक बदलणे नव्हते, हे वहीमुळे लगेच कळले. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंशांवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर ताप असेल तर सकाळची वाट पाहत नाहीत. वेळेत गेल्याने दोन दिवसांत ती सावरली.

सुनेने कजा रोजे डिसेंबरच्या थंडीत धरले. तेव्हा मुलगी तीन वेळा जेवत होती. आता ती तेरा महिन्यांची आहे आणि इफ्तारला बी काढून कुस्करलेला खजूर मागते. अर्धी भरलेली वही नणंदेने नेली आहे. तिला ईदनंतरचा महिना सांगितला आहे.